वर्कशीटचा फोटो आडवा, उलटा की आरशातला? उत्तरं तपासण्याआधी हे ओळखायचं कसं

मुलांनी सोडवलेल्या वर्कशीटचा फोटो काढायचा, तो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा आणि शिक्षकांनी मोबाइलवरच तपासून परत पाठवायचा, ही पद्धत आता अनेक घरांत आणि शाळांत रुळली आहे. यात एक अडचण मात्र कायम राहिली आहे. फोटो नेहमी सरळच येतो असं नाही. कधी तो आडवा पडलेला असतो, कधी डोकं खाली पाय वर झालेला असतो, तर कधी आरशात पाहिल्यासारखा डाव्याचा उजवा झालेला असतो.

आडवा फोटो दिसताक्षणी कळतो. आरशातला फोटो मात्र चटकन कळत नाही, आणि त्यामुळे बरोबर आलेल्या उत्तरांवर लाल फुली पडू शकते. देवनागरी अंकांत हा धोका जरा जास्तच आहे. तो कसा, हे एका उदाहरणातून पाहू.

पाचपैकी पाच, पण मिळाले तीनच

समजा, तिसरी-चौथीच्या वर्गात पाढ्यांवरची पाच गणितं तोंडी सांगितली आहेत. मुलांनी कोऱ्या कागदावर फक्त उत्तरं लिहायची आहेत, एकाखाली एक. गणितं अशी: सहा सक किती, सात नव्वे किती, अकरा चोक किती, आठ आठे किती आणि अकरा सक किती.

एका मुलीने पाचही उत्तरं बरोबर लिहिली: ३६, ६३, ४४, ६४, ६६. घरात कुणीतरी समोरच्या, म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्याने कागदाचा फोटो काढला. तो आरशातल्यासारखा सेव्ह झाला. मग फक्त उत्तरांचा भाग ठेवून बाकीचा कापला आणि शाळेच्या ग्रुपवर पाठवला.

आता शिक्षकांना काय दिसेल?

देवनागरी ३ आणि ६ हे एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्यासारखे आहेत. ३ चं तोंड डावीकडे, ६ चं उजवीकडे. त्यामुळे आरशात ३ चा ६ होतो आणि ६ चा ३. देवनागरी ४ डावी-उजवीकडून जवळपास सारखाच आहे, म्हणून तो आरशातही ४ च राहतो. याशिवाय आरशात अंकांची जागाही बदलते. डावीकडचा अंक उजवीकडे जातो, उजवीकडचा डावीकडे.

या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की गंमत होते. ३६ मधला ३ उजवीकडे जाऊन ६ होतो आणि ६ डावीकडे येऊन ३ होतो. म्हणजे आरशातही ३६ च दिसतो. ज्या आकड्यावरून मराठीत न पटणाऱ्या दोघांसाठी ‘छत्तीसचा आकडा’ हा वाक्प्रचार आला, त्यातले एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन अंक आरशातही तसेच पाठ करून बसलेले राहतात. ६३ चंही तसंच. तिथे दोघं समोरासमोर आहेत आणि आरशातही समोरासमोरच राहतात. ४४ तर बदलण्याचा प्रश्नच नाही.

म्हणजे पहिली तीन उत्तरं आरशातून पाहिली तरी बरोबरच दिसतात. चौथं उत्तर ६४ हे मात्र ४३ दिसतं आणि पाचवं ६६ हे ३३ दिसतं. शिक्षक दोन फुल्या मारतात. पाचपैकी तीन.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या पाच आकड्यांत ‘फोटोत काहीतरी गडबड आहे’ असं सुचवणारं काहीही नाही. आकडे सगळे नीट वाचता येतात. पहिली तीन उत्तरं बरोबर आहेत, म्हणून तपासणाऱ्याचा विश्वास बसलेला असतो. आणि जी दोन चुकीची वाटतात, त्या चुका लहान मुलाच्या नेहमीच्या चुकांसारख्याच वाटतात. ३३ हा अकराच्याच पाढ्यातला आकडा आहे, त्यामुळे मुलगी अकरा सकऐवजी अकरा त्रिकचं उत्तर लिहून गेली, असं कुणालाही वाटेल. ४३ आठच्या पाढ्यात कुठेच नाही, म्हणजे आठचा पाढा कच्चा आहे, असा निष्कर्ष निघेल. फोटोतला दोष मुलीच्या खात्यावर जमा होईल आणि पुढचा आठवडाभर तिला आठचा पाढा घोकावा लागेल.

मराठीतल्या संख्यावाचनामुळे हा गैरसमज आणखी पक्का होऊ शकतो. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो आणि साठ नंतर, पण लिहिताना ६ आधी लिहितो. त्यामुळे सुरुवातीच्या इयत्तांत अंकांची अदलाबदल ही अगदी ओळखीची चूक असते. आरशातल्या फोटोमुळे झालेली अदलाबदल तपासणाऱ्याला त्याच ओळखीच्या खणात टाकावीशी वाटते.

मग हा फोटो पकडायचा कसा? याच पाच गणितांत ‘पाच पंचे पंचवीस’ असतं, तर काम सोपं झालं असतं. २ आणि ५ आरशात कुठल्याच देवनागरी अंकासारखे दिसत नाहीत, ते सरळसरळ उलटे दिसतात. म्हणून एखाद्या फोटोत फक्त ०, ३, ४, ६ हेच अंक दिसत असतील, तर त्या अंकांच्या भरवशावर न राहता कागदावर दुसरं काहीतरी शोधावं लागतं. आणि फोटो इतका कापलेला असेल की दुसरं काहीच नाही, तर पूर्ण पानाचा फोटो पुन्हा मागवणं हाच मार्ग उरतो.

फोटो नेमका किती प्रकारे बिघडतो?

कागद सपाट असतो, त्यामुळे त्याच्या फोटोच्या स्थिती मोजक्याच आहेत. सरळ, उजवीकडे आडवा, डावीकडे आडवा आणि डोकं खाली, या झाल्या चार. याच चार स्थिती आरशातून पाहिल्या की आणखी चार. एकूण आठ. यापेक्षा नववी स्थिती नाही (कागद तिरका धरला असेल तर तो फक्त कमी-जास्त कलतो, वेगळा प्रकार होत नाही).

यात दोन कुळं आहेत, आणि त्यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या चार स्थितींत फोटो नुसता फिरलेला असतो. मोबाइल हातात फिरवला की तो कधी ना कधी सरळ होतो. दुसऱ्या चारांत तो आरशातला असतो, आणि तो कितीही फिरवला तरी सरळ होत नाही. चपलांच्या जोडीसारखं हे आहे. डाव्या पायाची चप्पल जमिनीवर कशीही फिरवून ठेवली, तरी ती उजव्या पायाची होत नाही.

‘उलटा फोटो’ या एकाच शब्दामुळे इथे घोळ होतो. डोकं खाली झालेल्यालाही आपण उलटा म्हणतो आणि आरशातल्यालाही. पालकांना ‘फोटो उलटा आलाय’ एवढंच कळवलं, तर ते मोबाइल उलटा धरून पुन्हा तोच कॅमेरा वापरतील आणि आरशातला फोटो पुन्हा आरशातलाच येईल. त्यामुळे कळवताना ‘डोकं खाली झालंय’ किंवा ‘अक्षरं आरशातल्यासारखी दिसतायत’ असं स्पष्ट सांगितलेलं बरं.

आधी शिरोरेषा, मग दांडी

मराठी वर्कशीटसाठी ओळखण्याची एक सोपी रीत आहे, कारण देवनागरी लिपी स्वतःच दोन खुणा देते.

पहिली खूण शिरोरेषा. ती अक्षरांच्या डोक्यावर असते. फोटोत ती उभी दिसत असेल तर फोटो आडवा आहे. अक्षरांच्या खाली दिसत असेल तर डोकं खाली झालंय. शिरोरेषा वर येईपर्यंत फोटो फिरवायचा. मोबाइलवर ही पायरी डोळ्यांनी आपोआप होते, कारण आडवं लिखाण कुणी वाचत बसत नाही.

खरी परीक्षा यानंतरची आहे. शिरोरेषा वर आली म्हणजे फोटो सरळ झाला, असं नाही. आरशातल्या फोटोतही शिरोरेषा वरच असते आणि ओळीही आडव्याच असतात. लांबून पाहिलं तर पान अगदी व्यवस्थित वाटतं. म्हणून दुसरी खूण पाहायची, ती म्हणजे अक्षराची उभी दांडी. न, म, प, त, ल, व, ग, स अशा कितीतरी अक्षरांची दांडी उजव्या बाजूला असते. काना तर अक्षराच्या उजवीकडेच लागतो. बहुतेक वर्कशीटवर ‘नाव’ हा शब्द छापलेला असतोच. त्यातल्या ‘न’ची आणि ‘व’ची दांडी डावीकडे दिसली, तर फोटो आरशातला आहे. बाकी काही पाहायची गरज नाही.

क्रम मात्र हाच ठेवायचा. आधी शिरोरेषा, मग दांडी. कारण डोकं खाली झालेल्या साध्या फोटोतही दांडी डावीकडेच दिसते. तो फिरवल्यावर ती उजवीकडे येते. फिरवण्याआधीच दांडी पाहिली, तर नुसत्या फिरलेल्या फोटोला आरशातला समजण्याची चूक होते.

हाताने लिहिताना अनेक जण शिरोरेषा देत नाहीत. म्हणून मुलाच्या अक्षरापेक्षा छापील मजकूर आधी पाहावा. छापील मजकूर नसेल, तर वहीच्या पानावरचा समास पाहावा. एकाच बाजूला उभी रेघ असलेल्या वहीत, लिहायला घेतलेल्या पानावर ती रेघ डावीकडे असते. ती फोटोत उजवीकडे दिसली, तर शंका घ्यायला जागा आहे. मात्र ही खूण पक्की नाही. पाठकोऱ्या पानावर लिहिलेलं असेल, तर समास खरोखरच उजवीकडे असू शकतो.

इंग्रजी वर्कशीटमध्ये शिरोरेषा नसते, आणि त्यातली b, d, p, q ही चार अक्षरं तर जणू एकाच आकाराच्या चार स्थिती आहेत. b आरशात d दिसतो, डोकं खाली केल्यावर q दिसतो. फक्त ‘b की d’ अशी गाळलेली अक्षरं भरायची असतील आणि फोटो तेवढाच कापलेला असेल, तर पाढ्यांच्या उदाहरणात झालं तेच इथेही होतं.

इंग्रजी अंक आणि डोकं खाली झालेलं पान

सेमी-इंग्रजी आणि इंग्रजी माध्यमात इंग्रजी अंक वापरतात. तिथे धोका थोडा सरकतो. आरशाऐवजी डोकं खाली झालेला फोटो जास्त फसवतो, कारण 6 फिरवला की 9 होतो, आणि 0, 1, 8 हे फिरवूनही तसेच राहतात. 16 चे 91 होतात, 81 चे 18, 66 चे 99. 88 मात्र 88 च राहतात. 1961 हे साल डोकं खाली करूनही 1961 च वाचता येतं, ते याच कारणामुळे.

तरीही हा प्रकार आरशातल्या फोटोपेक्षा लवकर उघडकीला येतो. पान फिरल्यावर उत्तरांचा क्रमही वरून खाली उलटतो, त्यामुळे पहिल्या गणिताचं उत्तर शेवटी जातं आणि एखादं दुसरं नव्हे तर सगळंच चुकल्यासारखं वाटतं. सगळंच चुकलेलं दिसलं की तपासणारा थांबतो. दोनच उत्तरं चुकलेली दिसली की तो थांबत नाही.

एकेक आकडा वेगळ्या चिठ्ठीवर किंवा चौकोनात लिहायचा असेल, तर मात्र 6 आणि 9 खाली रेघ ओढायची सवय मुलांना लावलेली चांगली. बिलियर्ड्सच्या चेंडूंवर 6 आणि 9 खाली रेघ असते ती याचसाठी, कारण गोल चेंडूला वर-खाली नसतं.

घड्याळ, नकाशा आणि बरोबर वाटणारी चूक

‘घड्याळात किती वाजले?’ हा प्राथमिक वर्गातला नेहमीचा प्रश्न. मुलांनी रिकाम्या गोलात काटे काढायचे असतात. अनेक वर्कशीटवर गोलात आकडे नसतात, फक्त बारा रेघा असतात. अशा गोलाचा आरशातला फोटो फार फसवा असतो.

समजा, मुलाने चार वाजून वीस मिनिटं बरोबर दाखवली आहेत. मिनिटकाटा चारच्या रेघेवर आहे आणि तासकाटा चारच्या थोडा पुढे. आरशात मिनिटकाटा आठच्या रेघेवर जातो, आणि तासकाटा सात व आठच्या मध्ये, आठच्या थोडा अलीकडे दिसतो. ही सात वाजून चाळीस मिनिटांची अगदी अचूक स्थिती आहे. म्हणजे काट्यांचा आपसातला मेळ कुठेही बिघडत नाही. बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करणाऱ्यांना हे सूत्र माहीत असतं: ११ तास ६० मिनिटांतून खरी वेळ वजा केली की आरशातली वेळ मिळते. ११:६० वजा ४:२० म्हणजे ७:४०.

डोकं खाली झालेल्या घड्याळाचं तसं नाही. तीन वाजलेले दाखवणारं घड्याळ उलटं केलं, तर मिनिटकाटा सहावर येतो आणि तासकाटा बरोबर नऊवर. पण खरे साडेनऊ वाजले असते, तर तासकाटा नऊ आणि दहाच्या मधोमध असायला हवा होता. हा बेमेळ दिसला तर मुलाला चूक देण्याआधी फोटो एकदा फिरवून पाहावा. अर्थात, तासकाटा नेमका कुठे काढायचा हे न कळलेली मुलंही अशीच चूक करतात, त्यामुळे केवळ काट्यांवरून निर्णय न घेता शेजारचा छापील मजकूर पाहायचाच.

नकाशात हा दोष पकडणं सोपं आहे. महाराष्ट्राच्या आराखड्यात कोकणची किनारपट्टी उजवीकडे दिसली, की कुणाच्याही लक्षात येईल. पण फक्त चार दिशांच्या बाणांचं चित्र असेल आणि मुलाने पूर्व उजवीकडे, पश्चिम डावीकडे अशी बरोबर लिहिली असतील, तर आरशात ती नेमकी उलट दिसतात. शब्द उलटे दिसल्यामुळे इथे फोटो पकडला जातो. पण ‘पू’ आणि ‘प’ अशी एकेक अक्षरं घाईत वाचली, तर तेही सुटू शकतं.

लहान-मोठेपणाचं चिन्ह मात्र वेगळंच वागतं. ‘५ < ८’ हे विधान आरशात पाहिलं तर अंकांची जागा बदलते आणि चिन्हाचं तोंडही फिरतं, त्यामुळे लहान अंक अजूनही चिन्हाच्या टोकाकडेच राहतो. बरोबर विधान बरोबर राहतं आणि चुकीचं चुकीचंच. पण मुलाने गाळलेल्या जागी भरलेलं फक्त चिन्ह कापून पाठवलं असेल, तर < चं > झालेलं असतं.

फोटो असा येतोच का?

आडव्या फोटोचं मूळ बहुतेक वेळा फोन धरण्याच्या पद्धतीत असतं. फोनला स्वतःची उभी-आडवी स्थिती गुरुत्वाकर्षणावरून कळते. आत असलेला सेन्सर ‘खाली’ कोणत्या बाजूला आहे ते मोजतो. फोन उभा धरला असेल तर खालची कड कोणती, हे स्पष्ट असतं. पण टेबलावर ठेवलेल्या कागदाचा फोटो काढताना आपण फोन कागदाच्या वर सपाट धरतो. तेव्हा ‘खाली’ ही दिशा फोनच्या चारही कडांपैकी कोणाकडेच नसते, ती स्क्रीनच्या पाठीमागे असते. मग फोन आधीची स्थितीच धरून बसतो किंवा हात जरासा कलला त्या बाजूने अंदाज बांधतो. त्यामुळे एकाच वर्कशीटची तीन पानं एकापाठोपाठ काढली, तरी त्यातलं एखादं आडवं येतं.

दुसरं कारण फाइलच्या आत असतं. बरेच फोन फोटोतले ठिपके न फिरवता तसेच साठवतात आणि सोबत `Orientation` नावाची एक नोंद ठेवतात. तिची किंमत 1 ते 8 असते. 1 म्हणजे आहे तसा दाखवा, 3 म्हणजे अर्धा फेरा फिरवून दाखवा, 6 आणि 8 म्हणजे पाव फेरा एका किंवा दुसऱ्या बाजूला. उरलेल्या 2, 4, 5, 7 या आरशातल्या स्थिती. वर मोजलेल्या आठ स्थिती त्या याच. फोटो दाखवणारं अॅप ही नोंद वाचत असेल, तर फोटो सरळ दिसतो. वाचत नसेल किंवा वाटेत ती पुसली गेली असेल, तर तोच फोटो आडवा दिसतो. म्हणूनच ‘माझ्या फोनवर तर सरळ दिसतोय’ असं पालक म्हणतात आणि शिक्षकांच्या कॉम्प्युटरवर तो आडवा असतो, तेव्हा दोघंही खरं सांगत असतात.

आरशातल्या फोटोचं कारण बहुधा पुढचा कॅमेरा. सेल्फी काढताना स्क्रीनवर आपण स्वतःला आरशातल्यासारखं पाहतो, कारण तशी सवय आहे. काढलेला फोटो मात्र सरळ सेव्ह करायचा की आरशातला, हे फोनच्या सेटिंगवर ठरतं. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Mirror Front Camera` आणि सॅमसंगमध्ये `Save selfies as previewed` असा पर्याय असतो. तो सुरू असेल, तर पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला कागदाचा फोटो आरशातला येतो. मागच्या कॅमेऱ्याला ही अडचण नाही.

ऑनलाइन वर्गात याचाच एक वेगळा प्रकार घडतो. व्हिडिओ कॉलवर मूल कागद कॅमेऱ्यासमोर धरतं, तेव्हा त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर तो आरशातला दिसू शकतो, पण समोर शिक्षकांना सरळ दिसतो. त्यामुळे ‘कागद उलटा कर’ असं घरातून कुणी सांगत असेल, तरी तो उलटा करायचा नसतो. मात्र मुलाने स्वतःच्या खिडकीचा स्क्रीनशॉट काढून पाठवला, तर शिक्षकांनाही आरशातलं चित्र मिळतं.

मूलच उलटं लिहीत असेल तर?

हा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. लिहायला शिकणारी मुलं, साधारण पाच ते सात वर्षांची, काही अक्षरं आणि अंक आरशातल्यासारखे काढतात. या वयात ते सर्रास आढळतं आणि बहुतेकांचं पुढे आपोआप सुटतं. पण आरशातला फोटो पाहून ‘हे मूल सगळंच उलटं लिहितंय’ असा समज झाला, तर विनाकारण पालकांना बोलावणं, तपासणी सुचवणं इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

फरक ओळखायला छापील मजकूर पुरेसा आहे. छापील मजकूर सरळ आणि मुलाचा अंक उलटा असेल, तर तो मुलाने उलटा लिहिला आहे. छापील आणि हाताने लिहिलेलं दोन्ही उलटं असेल, तर दोष फोटोचा आहे. तिसरी शक्यता सहसा कुणी धरत नाही, ती म्हणजे छापील मजकूर उलटा, पण मुलाचा एखादा अंक मात्र सरळ. याचा अर्थ फोटो आरशातला आहे आणि मुलाने तो अंक प्रत्यक्षात उलटा लिहिला आहे. आरशाने त्याची चूक झाकली. म्हणून आरशातला फोटो ‘डोक्यातल्या डोक्यात उलटवून’ तपासण्यापेक्षा तो आधी खरोखर सरळ करावा आणि मगच पेन हातात घ्यावं.

सरळ करायचा कसा?

फोनच्या गॅलरीत फोटो उघडून एडिटमध्ये गेलं की क्रॉपच्या जागी फिरवण्याचं बटण असतं. बऱ्याच फोनमध्ये तिथेच फोटो डावी-उजवीकडून उलटवण्याचं बटणही असतं. त्याच्यावर सहसा मध्ये रेघ आणि दोन्ही बाजूंना त्रिकोण असतात. आधी शिरोरेषा वर येईपर्यंत फिरवायचं. मग दांडी डावीकडे दिसत असेल, तर एकदा उलटवायचं. आठपैकी कुठलीही स्थिती असो, एवढ्याने फोटो सरळ होतो.

हे तपासण्याच्या खुणा करण्याआधीच करायला हवं. आधी बरोबरच्या खुणा केल्या आणि मग फोटो उलटवला, तर त्या खुणाही उलटतात आणि दिलेले गुण वाचता येत नाहीत.

फक्त एक नजर टाकायची असेल, तर फोनचं ऑटो-रोटेट बंद करून फोन हातात फिरवता येतो. ते सुरू असेल, तर फोनबरोबर चित्रही फिरत राहतं आणि आडवा फोटो आडवाच राहतो. आरशातला फोटो वाचायचा असेल आणि उलटवण्याचं बटण सापडत नसेल, तर फोनची स्क्रीन खऱ्या आरशासमोर धरावी. आरशातल्या आरशात अक्षरं सरळ दिसतात. फोटोची प्रिंट काढलेली असेल, तर कागद पालथा करून उजेडासमोर धरला तरी काम होतं.

वर्कशीट तयार करणाऱ्यांच्या हातात मात्र आणखी सोपा उपाय आहे. उत्तरांच्या प्रत्येक चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ‘प्र. २’ किंवा ‘प्र. ५’ असा क्रमांक छापला, की फोटो कितीही कापला तरी चौकटीसोबत एक न फसणारी खूण येते. नुसता ठिपका किंवा चौकोन छापून भागत नाही. ‘बालभारती’च्या पुस्तकांवर असतो त्या क्यूआर कोडचं उदाहरण घेता येईल. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात आणि चौथ्यात नसतो, म्हणून कोड किती फिरलाय हे कळतं. पण ते तीन चौकोन आरशात पाहिले, तर ते नुसते फिरल्यासारखेच दिसतात. कोड आरशातला आहे की नाही, हे फक्त त्या चौकोनांवरून सांगता येत नाही, त्यासाठी आतला मजकूर वाचावा लागतो. वर्कशीटच्या कोपऱ्यातही म्हणूनच आरशात वेगळं दिसणारं एखादं अक्षर किंवा अंक हवा. ३, ४ आणि ६ सोडून.

पाढ्यांच्या त्या उदाहरणात उत्तरांसोबत प्रश्नांचे क्रमांक फोटोत आले असते, तर दुसऱ्या ओळीतला उलटा २ पाहून शिक्षक तिथेच थांबले असते, आणि चौथ्या ओळीतलं ४३ हे ६४ आहे हे फोटो उलटवल्यावर लगेच दिसलं असतं.